पालथं घड्याळ आणि त्याला दिलेल्या शिव्या

परवा नातसुनेचा प्रिंटर अडकला. कागद अर्धा आत, अर्धा बाहेर. ती त्याला मूर्ख म्हणाली, नालायक म्हणाली, एक चापट मारली आणि रडकुंडीला आली. मी बाजेवर बसून लसूण सोलत होते. मी म्हटलं, "ह्या शिव्या कोणालेबी लागू होतात. त्याची त्याले दे."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "लग्नात पहिल्या पंगतीत घुसला, तोंडात अख्खी पोळी कोंबली आणि तिथंच झोपला, मेला." आणि स्वतःच हसली. हसल्यावर तिला आठवलं की मागं एक झाकण असतं. ते उघडून तिनं दोन्ही हातांनी कागद हळू ओढून काढला. झाकण आधीपासून तिथंच होतं.

ही विद्या मी कोणाकडून शिकले नाही. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथं हे शिकवत नव्हते. मी ती एका घड्याळापायी शिकले.

माझं लग्न झालं तेव्हा आमचं बिऱ्हाड नेरला होतं. नवरा कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, बायलरवर होता. जिनाचा भोंगा सकाळी सहाला वाजायचा. तो वाफेवर वाजायचा आणि वाफ धरायला दीड-दोन तास लागायचे. म्हणजे नवऱ्यानं चारला उठायचं, साडेचारपर्यंत भट्टी पेटवायची, तेव्हा कुठं सहाला भोंगा. त्या भोंग्यावर अर्धं गाव उठायचं. जिनातल्या बाया, हॉटेलवाला, गाडीवान, न्हावी, सगळे भोंग्यावर. आणि भोंगा वाजवणारा माणूस उठायचा आमच्या घड्याळावर. एवढ्या लोकांची सकाळ एका घड्याळावर टांगलेली होती आणि ते गावात कोणाला माहीत नव्हतं.

ते घड्याळ माझ्या बापानं लग्नात दिलं होतं. कोणाचं तरी वापरलेलं. डोक्यावर दोन वाट्या, मधात हातोडी, खाली दोन पाय. वर्षभरानं त्याला एक खोड लागली. ते उभं ठेवलं की बंद पडायचं, उताणं ठेवलं तरी बंद पडायचं. फक्त तोंडावर पालथं ठेवलं की चालायचं. घडीसाज चाचा म्हणाले की आतल्या चाकाचं टोक झिजलं आहे, एकाच बाजूनं टेकतं तेव्हाच फिरतं. त्यामुळे आमच्या घरात घड्याळ होतं, चालतही होतं, पण किती वाजले ते पाहायचं तर उचलावं लागायचं, आणि उचललं की बंद पडायचं. आवाज मोठा यावा म्हणून आम्ही ते पितळी परातीत पालथं ठेवत असू.

दुसरी गोष्ट चाव्यांची. अशा घड्याळाच्या पाठीला दोन चाव्या असतात, एक चालायची आणि एक घंटीची. दोन्ही आट्यांवर बसवलेल्या असतात. उलट्या फिरवल्या की निघून हातात येतात. माझ्या सासूनं पहिल्याच दिवशी विचारलं, "हे काय हाये?" नवरा म्हणाला, "चाव्या." सासूनं दोन्ही फिरवून काढल्या आणि कमरेच्या जुडग्यात ओवल्या. घरातली चावी सासूच्या कमरेला असते. कोठीची, पेटीची, तशी घड्याळाची. तिचं यात काही चुकलं असं कोणाला वाटलं नाही, मलाही नाही. रोज दिवेलागणीला ती चाव्या लावायची, घड्याळाला पीळ द्यायची आणि पुन्हा काढून कमरेला.

थंडीचे दिवस आले आणि घड्याळ दगा देऊ लागलं. आतलं तेल घट्ट व्हायचं. कधी घंटी वाजायचीच नाही, कधी दोन ठोके देऊन घशात काही अडकल्यासारखी थांबायची. एकदा भोंगा पाऊण तास उशिरा झाला. त्या दिवशी हॉटेलात चहा नव्हता, जिनाच्या फाटकावर बाया आल्याच नाहीत, आणि न्हाव्यानं एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी केली तेवढ्यात त्या गिऱ्हाइकाची मोटार निघून गेली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मॅनेजरनं नवऱ्याला बोलावून सांगितलं, "तिसऱ्यांदा झालं तर बायलरवर दुसरा माणूस दिसेल."

नवरा बोलणारा माणूस नव्हता. त्या दिवशी घरी येऊन त्यानं घड्याळाला बुक्की मारली. वाटीला पोचा पडला, त्याचं बोट सुजलं. आणि राग काही गेला नाही. सुजलेलं बोट पाहिलं की पुन्हा यायचा. दोन दिवस तो भिंतीशी भांडल्यासारखा जेवला. मारून राग जातो असं लोक म्हणतात, मी तर तो वाढलेलाच पाहिला.

मग पहाटेची राखण माझ्याकडे आली. घंटी वाजो की न वाजो, मी उठून परातीपाशी जायची. एका पहाटे घंटीची वेळ झाली असं मला जागेपणी कळत होतं, घड्याळ टिकटिक करत होतं आणि घंटी गप्प. मी नवऱ्याला हलवून उठवलं, तो धावत गेला. मी मागं राहिले. दात घट्ट आवळलेले, चूल पेटवायला काडी ओढता येईना. आधी मी नुसतं "मेल्या, मेल्या, मेल्या" म्हणत होते. त्यानं काही होत नाही. ते म्हणजे तापलेल्या तव्याखाली आणखी तुराट्या सारणं.

मग ते परातीत पालथं पडलेलं पाहून माझ्या तोंडून निघालं, "पोळ्याच्या बैलावानी पूजा घेतं, अन् औताच्या दिवशी पालथं पडतं."

आणि मी थांबले. ते खरोखर तसंच दिसत होतं. मी आणखी एक काढली. "बारा आकडे तोंडावर गोंदून घेतले, अन् एकबी पाठ नाई." मग, "डोक्यावर देवळाची घंटा घेऊन हिंडतं, अन् वाजवाच्या येळेस हाताले लकवा." तिसऱ्या शिवीला मला हसू फुटलं. काडी पहिल्या ओढीत पेटली.

तेव्हापासून मी ते नेमानं करू लागले आणि करता करता त्यातलं काही कळलं. एक म्हणजे शिवी नवी लागते. कालची आज दिली तर शिळ्या भाकरीसारखी लागते, पोट भरत नाही. दुसरं, ती त्या वस्तूच्याच खोडीची पाहिजे. तशी काढायची म्हणजे वस्तूकडे नीट बघावं लागतं, ही कशासारखी दिसते ते शोधावं लागतं, आणि डोकं शोधायला गेलं की रागाला बसायला जागा उरत नाही. तिसरं, लांब शिवी द्यायची तर श्वास लांब सोडावा लागतो. आवळलेली छाती आपोआप सुटते. आणि शेवटची गोष्ट, वस्तूला लागत नाही. माणसाला दिलेली शिवी परत येते, व्याजासकट. घड्याळ ऐकून घेतं.

शिव्यांनी घड्याळ सुधारलं असं मात्र मी एकदाही पाहिलं नाही. सुधारायचा माझा हात.

हे सगळं मी मोठ्यानं करत होते. घर दीड खोलीचं. सासू पलीकडे निजलेली. ती काही बोलायची नाही. हळूहळू दिवसाही बोलेनाशी झाली. दिवेलागणीला चाव्या लावायची तर अशा, जणू कोणाचा कान पिळते आहे. मला वाटलं, थंडीनं गुडघे दुखत असतील.

माझं लक्ष जायला पाहिजे होतं. आमच्याकडे बायका कोणाला तोंडावर बोलत नाहीत. मला बोलायचं असलं की सासू मांजरीला बोलायची. "ह्या मांजरीले माहेरी कोणी काई शिकोलं नाई, दूध उघडं ठेवते." दूध उघडं मी ठेवलेलं असायचं, मांजर बिचारी उन्हात झोपलेली. शेजारीण तिच्या नवऱ्याला बोलायची ते बकरीला बोलायची. लेकी बोले सुने लागे, हे आमच्याकडे घरोघर चालायचं. त्यामुळे सुनेनं पहाटे उठून घड्याळाला शिव्या दिल्या तर त्या घड्याळाला असतील, ही गोष्ट अख्ख्या आळीत कोणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

एका बुधवारी मी पाणी घेऊन आले तर दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "तुयी सासू गेली बोरीले, लेकीकडे."

"काहून?"

"आता मले विचारतं का व? रोज पहाटे उठून तिले पालथी पडते म्हणतं, पूजा घेते म्हणतं. आम्ही सारे ऐकतो ना. ते लकव्याची तं लयच झाली."

मी घागर खाली ठेवली. सासू भिंतीकडे तोंड करून पालथीच निजायची. तोंड वाटोळं. देवपूजेला रोज पहिला मान तिचा. सगळं तिला बसत होतं.

खरी गोष्ट संध्याकाळी ध्यानात आली. दिवा लावला, परातीकडे पाहिलं. चाव्या सासूच्या कमरेला, सासू बोरीला. घंटीचा पीळ सकाळीच वाजून संपलेला. भरला नाही तर पहाटे घंटी नाही, घंटी नाही तर भोंगा नाही, आणि नवऱ्याच्या जागी दुसरा माणूस.

मी सांडशीनं पाठीमागची घंटीची दांडी धरून पाहिली. ती निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली, आट्यांचा चुरा हाताला लागला. मी सांडशी ठेवली आणि घड्याळाला म्हटलं, "नवरदेवाचा मामा जसा रुसून बसते, तसं बसलं. तुयी समजूत काढाले आता मी बँडवाले आणू का?" तेवढ्यानं भागलं. डोकं चालू झालं. मी घड्याळ पदरात गुंडाळून घडीसाज चाचांच्या दुकानात गेले.

चाचांनी बारीक पकडीनं दोन्ही पीळ भरून दिले, काटे लावले आणि घड्याळ पालथंच हातात ठेवलं. म्हणाले, "आज हो गया बेटी. पण सांडशीनं तू आटे खाल्ले. उद्या पकड बी धरणार नाही, चावीच पाहिजे. अन् परवा जुम्मा आहे, मी नाही."

"दुसरी चावी नाई का?"

"असल्या घड्याळाची चावी असल्याच घड्याळासंग भेटते. अन् असलं घड्याळ मी दुसरं पाहिलं नाही, खुदा का शुक्र."

गुरुवारी पहाटे घंटी वाजली, भोंगा वेळेवर झाला. नवरा जिनात गेला आणि मी घड्याळ पिशवीत घालून पहिल्या मोटारीनं निघाले. दारव्ह्याला गाडी बदलली. दिवेलागणीच्या आत चाव्या किंवा सासू, दोन्हीपैकी एक घरी आणायचं होतं. दोन्ही आल्या तर ठीकच.

बोरीला नणंदेच्या घरी पोचले तेव्हा सासू ओसरीत बसली होती. नणंदेचा नवरा जेवून बाजेवर आडवा. त्याचं पोट मोठं होतं आणि जेवल्यावर ते आणखी मोठं दिसायचं. नणंद आत स्टोव्ह घेऊन बसली होती, पितळी, तीन पायांचा, पंप मारायचा. चहा करायचा होता आणि स्टोव्ह पेटत नव्हता.

मी सासूच्या पाया पडले. ती मांजर शोधत होती बहुतेक, पण तिथं मांजर नव्हती. मग ती खांबाला म्हणाली, "आली. आता इथीबी सुरू होईन."

"आत्याबाई, मी घड्याळाले बोलत होती," मी म्हटलं.

"हो. अन् मी मांजरीले बोलत होती."

"खरंच घड्याळाले. ते पालथं पडूनच चालते ना."

"निर्जीव वस्तूले कोणी बोलते का व? तिले काई समजते का? बोलून भेटते काय माणसाले?"

"हलकं वाटते."

"मले शिव्या देऊन तुले हलकं वाटते," सासू खांबाला म्हणाली.

मी पिशवीतून घड्याळ काढून तिच्यापुढे ठेवलं. तिनं तोंड फिरवलं. चाव्या मागायची सोय नव्हती. मागितल्या असत्या तर चाव्यांसाठीच आली, असं झालं असतं, आणि आले होते चाव्यांसाठीच. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. परतीची मोटार चारला होती.

आत नणंद पंप मारत होती. तोटीच्या भोकात कचरा बसला होता. स्टोव्हची पिन घालून तो काढायचा असतो, पण पिन केसासारखी बारीक आणि नणंद चिडलेली. पिन भोकात जाईना, वाकायला लागली. ती पुन्हा पंप मारायची, स्टोव्ह फुस्स करायचा, धूर सोडायचा, विझायचा. सासू सकाळपासून बिनचहाची होती. पहिल्यांदा तिनं मान वळवून पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं. चौथ्या फुस्सला ती उठून दारात उभी राहिली आणि बोलली.

"एवढं मोठं पितळी पोट घेऊन बसलं. भरलं तेवढं ढोसलं. लेकीचे हात मोडले ह्याच्यापायी, अन् कामाच्या नावानं नुसतं फुसफुस, फुसफुस. माया घरी असतं तं उकिरड्यावर ठेवलं असतं, कोंबड्याईनं बी पाठ फिरोली असती."

बाजेवर जावई उठून बसला. पोटावरचा हात त्यानं काढून घेतला.

"मामी," तो म्हणाला, "मी दोनच भाकरी खाल्ल्या."

सासूचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जावयाला बोलणं म्हणजे आमच्याकडे फारच. "नाई वो जावईबापू," ती म्हणाली, "मी स्टोव्हले बोल्ली."

"स्टोव्हले कोणी बोलते का?" जावई म्हणाला.

"त्याले समजते का काई?" मी म्हटलं.

नणंद आतून म्हणाली, "माय, तुया जावई उकिरड्यावर कसा ठेवशीन व? दोन माणसं लागतीन उचलाले." आणि ती हसायला लागली. हसता हसता पिन तिच्या हातातून सुटली, तिनं उचलली, एका डोळ्यानं नेम धरून घातली आणि ती बरोबर भोकात गेली. कचरा निघाला. स्टोव्ह निळा पेटला, मोठा आवाज करत. जावई तेवढा हसला नाही. पण चहा घेतला.

सासू माझ्यापुढे येऊन बसली. मग हळूच, आता खांबाला नाही, मला म्हणाली, "मले बी थोडं हलकं वाटलं व."

"पहिल्यांदा जास्त वाटते," मी म्हटलं.

"ते गोंदलेल्या आकड्याईचं काय होतं? एकबी पाठ नाई?"

"हो."

"ते मले तवाच समजत नव्हतं. मले कोठी गोंदलं हाये तोंडावर?" तिनं कमरेचं जुडगं काढलं, चाव्या घड्याळाला लावून पाहिल्या. चालायची चावी बसली. घंटीची खाल्लेल्या आट्यांवर गरगर फिरली. तिनं डोक्याचा एक केस उपटला, आट्यांवर गुंडाळला आणि चावी वरून दाबून बसवली. बसली. मी सांडशी घेऊन झटत होते त्याला हिनं एक केस लावला. मला ते काही फार आवडलं नाही.

चारच्या मोटारीनं आम्ही निघालो. नणंदेनं शेंगदाणे बांधून दिले. दारव्ह्यापासून नेरपर्यंत सासू घड्याळ मांडीवर पालथं धरून बसली होती आणि अधूनमधून ओठ हलवत होती. मला वाटलं जप करते. नेर आलं तेव्हा म्हणाली, "पाह्य, ही कशी वाटते: दोन हात देवानं दिले, एक लांब अन् एक आखूड, अन् दोन्ही घेऊन लोकाईच्या तोंडाकडे पाहत बसते."

"बरी हाये. पण ते पालथं असते आत्याबाई, तोंडाकडे कसं पाहीन?"

"मंग बदलतो," ती म्हणाली आणि पुन्हा ओठ हलवायला लागली.

दिवेलागणीला नवऱ्यानं जिनातली वेळ सांगितली, त्यावर काटे लावून तिनं दोन्ही पीळ भरले. चाव्या काढायला हात गेला, मग केसाकडे पाहून थांबला. त्या तिथंच राहिल्या. कोठीची आणि पेटीची मात्र कमरेलाच राहिल्या, तिच्या शेवटापर्यंत.

शुक्रवारी पहाटे मला जाग आली ती बोलण्यानं. सासू परातीपुढे उकिडवी बसली होती. घंटीची वेळ व्हायला अवकाश असावा, कारण घड्याळ मुकाट्यानं टिकटिक करत होतं. ती त्याला म्हणत होती, "आज नाई वाजलं ना, तं मले तुयासाठी सात तयार हायेत. सात. मोटारीत बसून केल्या."

नवरा तिच्या आवाजानं उठून बसला होता आणि सदरा घालत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. तो निघाला तेव्हा घंटी वाजली नव्हती, आणि तिची आता गरजही नव्हती. ती त्यानंतर वाजली. पुरी, एका दमात, पीळ संपेपर्यंत. परात थरथरली.

सासू ते संपेपर्यंत बसून राहिली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"वाजलं मेलं," ती म्हणाली. "बोलाले काईच ठेवलं नाई."

सहाला भोंगा झाला. ती अजून कुरकुरत होती.